कपाळावरची चकाकी उतरवताना

गेल्या मे महिन्यातल्या एका लग्नाच्या अल्बमात हा फोटो होता. कन्यादान नुकतंच झालंय. नवरीची आई मांडवात उभी आहे, डोळे भरून आलेत आणि ओठांवर हसू आहे. घरातल्या सगळ्यांना तोच फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा होता, बारा बाय अठरा इंचांचा. अडचण एकच होती. भर दुपारची वेळ, कार्यालयातले पंखे गरम वारा फिरवत होते, त्या पहाटेपासून धावपळ करत होत्या आणि फोटोग्राफरने कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सरळ चेहऱ्यावर मारला होता. कुंकवाच्या वर, कपाळाच्या मधोमध, रुपयाच्या नाण्याएवढा पांढरा डाग उमटला होता. दोन्ही गालांवर तुटक चकाकते पट्टे होते.

"दादा, तेवढं तेलकट दिसतंय ते काढून द्या," त्या फोनवर म्हणाल्या. "बाकी मला आहे तशीच राहू द्या."

माझ्याकडे रीटचिंग शिकायला येणाऱ्या मुलाने हे काम दोन मिनिटांत उरकलं. कपाळाचा भाग निवडला, Gaussian Blur लावला, गालांवरही तेच केलं. लांबून पाहिलं तर डागाची कडा गेलेली दिसत होती. जवळून पाहिलं तेव्हा कपाळ मेणाचं झालं होतं. नाण्याएवढा डाग आता बशीएवढा, धुरकट झाला होता. कुंकवाचा लाल रंग कडेने त्वचेत उतरला होता. गालावर रोमछिद्रं, कपाळावर काहीच नाही, आणि दोन्हींच्या मध्ये शिवण घातल्यासारखी रेष. "आहे तशीच" ही अट मोडली होती आणि चकाकीही गेली नव्हती.

मी त्याला तो फोटो पुन्हा पहिल्यापासून करायला बसवला आणि शेजारी खुर्ची ओढून बसलो. त्या दुपारी आम्ही जे केलं, तेच इथे सांगतो आहे.

चकाकी म्हणजे नेमकं काय

चेहऱ्यावरून कॅमेऱ्याकडे दोन प्रकारचा उजेड येतो. एक उजेड त्वचेच्या आत शिरतो, तिथे इकडेतिकडे विखुरतो आणि त्वचेचा रंग घेऊन बाहेर पडतो. माणूस सावळा, गोरा, गव्हाळ दिसतो तो या उजेडामुळे. दुसरा उजेड आत शिरतच नाही. तो पृष्ठभागावरूनच, आरशावरून परतावा तसा परततो. त्याला त्वचेचा रंग लागलेला नसतो. फ्लॅश पांढरा असेल तर तो पांढराच दिसतो.

कोरड्या त्वचेचा पृष्ठभाग खडबडीत असतो, त्यामुळे हा दुसरा उजेड दहा दिशांना फुटतो आणि फारसा लक्षात येत नाही. पण कपाळ, नाक आणि हनुवटी या भागांत तेलग्रंथी दाट असतात. तेल आणि घाम मिळून त्वचेवर पातळ थर धरतात, खाचखळगे भरून निघतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो. मग परतलेला उजेड एकाच दिशेने कॅमेऱ्यात शिरतो. सावळ्या चेहऱ्यावर ही चकाकी जास्त ठळक दिसते. तिथे तेल जास्त असतं म्हणून नव्हे. त्वचेच्या आतून परत येणारा उजेड कमी असतो आणि पृष्ठभागावरून परतणारा जवळजवळ तेवढाच असतो, त्यामुळे दोन्हींतला फरक वाढतो.

यातल्या दोन गोष्टी पुढे सतत कामाला येतात. पहिली, चकाकीखाली त्वचा असतेच. रोमछिद्रं, सुरकुत्या, बारीक लव सगळं तिथे असतं, फक्त त्यावर जास्तीचा उजेड चढलेला असतो. दुसरी, त्या जास्तीच्या उजेडाला त्वचेचा रंग नसतो.

ब्लरने काय होतं

ब्लर प्रत्येक पिक्सेलच्या जागी त्याच्या शेजाऱ्यांची सरासरी ठेवतो. सरासरी काढताना एकूण उजेड कमी होत नाही, तो फक्त वाटला जातो. डागाच्या मध्यातला उजेड उतरतो खरा, पण जेवढा उतरला तेवढाच भोवतालच्या त्वचेवर जाऊन बसतो. साडीवर सांडलेली हळद ओल्या फडक्याने चोळावी, तसंच हे. डाग फिका होतो आणि मोठा होतो. बशीएवढं धुकं आलं ते यामुळे.

दुसरं नुकसान पोताचं. रोमछिद्र म्हणजे एक गडद ठिपका आणि त्याच्या कडेचा उजळ भाग. दोघांची सरासरी काढली की दोघेही नाहीसे होतात. त्वचेबरोबर कॅमेऱ्याची बारीक रवाळ खरही जाते. डोळ्याला कारण सांगता येत नाही, पण एका चेहऱ्यावर दोन वेगळी कापडं जोडल्यासारखी वाटतात ते मात्र कळतं.

पोत एका लेअरवर आणि रंग-उजेड दुसऱ्या लेअरवर वेगळे काढून फक्त खालच्या लेअरवर ब्लर मारायची एक पद्धत आहे. तिच्यात रोमछिद्रं वाचतात, पण उजेड पसरण्याचा दोष तसाच राहतो. चकाकीच्या बाबतीत मूळ तक्रार उजेडाच्या प्रमाणाची आहे, तेव्हा तो प्रमाणात आणावा लागतो.

डार्करूममधला हात

त्यासाठीची रीत फार जुनी आहे. डार्करूममध्ये एन्लार्जरखाली फोटोचा कागद ठेवला की निगेटिव्हमधून येणारा उजेड जितका जास्त वेळ पडेल तितका कागद काळा होत जातो. एखादा भाग उजळ ठेवायचा असेल तर तारेच्या टोकाला लावलेली पुठ्ठ्याची चकती त्यावर धरून हलवत राहायचं. उजेड अडला, भाग उजळ राहिला. हे डॉज. एखादा भाग गडद करायचा असेल तर तळहातांची पोकळी करून फक्त तेवढ्याच भागावर जास्त वेळ उजेड पाडायचा. हे बर्न. फोटोशॉपमध्ये Dodge Tool चं चित्र काडीवरच्या चकतीचं आणि Burn Tool चं चित्र वळलेल्या हाताचं असतं, ते यावरूनच आलं. अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांचा १९४१ सालचा 'मूनराइज, हर्नान्डेझ, न्यू मेक्सिको' हा फोटो प्रसिद्ध आहे. त्यातलं काळंभोर आकाश त्यांनी छपाईच्या वेळी बर्न करून गडद केलेलं आहे.

या रीतीत कोणताही बिंदू शेजाऱ्यात मिसळत नाही. प्रत्येक बिंदू आपापल्या जागी राहून थोडा गडद किंवा थोडा उजळ होतो, म्हणून पोत टिकतो. पुठ्ठा आणि हात सतत हलवत ठेवायचे असत, कारण स्थिर धरले तर कडेची रेष उमटते. संगणकावर हेच काम मऊ कडेचा ब्रश आणि अगदी हलका Flow करतात.

आधी मोजणी

त्या फोटोची रॉ फाइल आमच्याकडे होती, हे आमचं नशीब. Camera Raw मध्ये उघडून हिस्टोग्रामच्या उजव्या कोपऱ्यातला त्रिकोण दाबला, की जिथे तपशील पूर्ण जळाला आहे तो भाग लाल दिसतो. कपाळावर आधी चिंचोक्याएवढा लाल ठिपका होता. Highlights चा सरकपट्टा उणे ३५ वर नेला तेव्हा तो मसुराएवढा उरला. तिथेच थांबलो, कारण त्याहून खाली नेल्यावर पांढऱ्या फुलांचे गजरे आणि साडीची जर मेलेली दिसायला लागली.

मग फोटोशॉपमध्ये Info पॅनल उघडलं. आयड्रॉपरचा Sample Size 5 by 5 Average ठेवला, म्हणजे एखाद्या चुकार पिक्सेलने फसवू नये. कपाळाच्या कडेला, जिथे त्वचा कोरडी आणि खरी दिसत होती, तिथे लाल १८६, हिरवा १३७, निळा ११० असे आकडे आले. डागाच्या मध्यावर २५०, २४४, २३८ आले. डागाभोवतीच्या वलयात २२५, १९०, १६८.

हे आकडे मी मुलाला वहीत लिहून घ्यायला लावले. खऱ्या त्वचेत लाल आणि निळा यांच्यात ७६ चं अंतर आहे. डागाच्या मध्यावर ते अंतर फक्त १२ उरलंय. म्हणजे तिथे त्वचेचा रंग जवळजवळ नाहीच. वलयात ५७ आहे, म्हणजे तिथली त्वचा अजून बोलते आहे. कुठे नुसत्या बर्नने भागेल आणि कुठे रंगही द्यावा लागेल, हे या तीन जागांनी आधीच सांगितलं.

वलय आणि सुरकुत्या

फोटोशॉपमधलं तयार Burn Tool आम्ही घेतलं नाही. ते थेट फोटोच्या पिक्सेलवर चालतं आणि चूक झाली की मागे येणं अवघड होतं. त्याऐवजी Curves चे दोन लेअर घेतले. पहिल्यात वक्ररेषेचा मधला बिंदू खाली ओढला, १२८ चा १०० झाला. हा बर्न. दुसऱ्यात मधला बिंदू वर, १२८ चा १५०. हा डॉज. दोन्ही लेअरचे मास्क निवडून Ctrl+I दाबलं, की मास्क काळे होतात आणि परिणाम पूर्ण झाकला जातो. मग पांढऱ्या ब्रशने जिथे जेवढा हवा तिथे तेवढाच उघडायचा. ब्रशची Hardness ० टक्के, Opacity १०० टक्के आणि Flow २ ते ३ टक्के. एका फटक्याने काहीच दिसत नाही, दहा-बारा फटक्यांनी थोडं दिसतं. हात सुटू नये यासाठीच तो इतका कमी.

सुरुवात लांबून केली. फोटो ३३ टक्क्यांवर ठेवून, डागाच्या निम्म्या रुंदीचा ब्रश घेऊन वलयावर फिरवला. बाहेरच्या कडेपासून सुरू करायचं आणि मध्याकडे जाताना फटके वाढवायचे, कारण चकाकीही तशीच मध्याकडे वाढत गेलेली असते. सगळीकडे सारखा बर्न केला तर बाहेरची कडा शेजारच्या त्वचेपेक्षा काळी पडते आणि डागाभोवती काजळाचं वर्तुळ उमटतं.

मग १०० टक्क्यांवर जाऊन पाहिलं. जवळून बघितल्यावर कळतं, की चकाकी म्हणजे सलग डाग नसतोच. त्वचेच्या बारीक उंचवट्यांवर बसलेले शेकडो चकाकते ठिपके आणि रेषा असतात. कपाळावरच्या आडव्या सुरकुत्यांचा वरचा काठ चमकत होता आणि खाच काळी दिसत होती. इथे निम्मं काम डॉजने केलं. चकाकी डोळ्याला टोचते ती शेजारच्या गडद भागाशी असलेल्या फरकामुळे. काठ थोडा खाली आणला आणि खाच किंचित वर उचलली, की दोन्ही बाजूंनी फरक कमी होतो आणि कुठलीच बाजू जास्त ओढावी लागत नाही. नुसत्या बर्नने तो सगळा फरक काढायला गेलं असतं तर कपाळ मळकट झालं असतं. सुरकुत्या मात्र सगळ्या ठेवल्या. खाच नाहीशी होईपर्यंत डॉज केलं तर बाईंचं वय बदललं असतं, आणि ते त्यांनी मागितलं नव्हतं.

या कामात रंग डोळ्याला फसवतो. म्हणून सगळ्यांत वर एक Black & White चा लेअर टाकून ठेवला. काळ्या-पांढऱ्यात फक्त उजेडाचे चढउतार दिसतात आणि कुठला ठिपका अजून उठून दिसतोय ते लगेच कळतं. हा लेअर तपासणीपुरता. काम संपलं की काढून टाकायचा.

डागाचा मध्य

वलय बसल्यावर मुलगा मध्याकडे वळला आणि अडला. "कितीही ब्रश मारला तरी तसूभर हलत नाही," तो म्हणाला.

ते तसंच असतं. मधला बिंदू खाली ओढलेली रेषा दोन्ही टोकांना जागच्या जागीच बांधलेली असते. १२८ चा १०० होतो, २२५ सुमारे बारांनी उतरतो, पण २५० जेमतेम दोनांनी. पूर्ण २५५ तर अजिबात हलत नाही. पुष्कळ जण ५० टक्के करड्या रंगाने भरलेला लेअर Overlay मध्ये ठेवून त्यावर डॉज आणि बर्न करतात. तिथेही हाच अनुभव येतो. Overlay च्या गणितात २५० वर पूर्ण काळा रंग ठेवला तरी तो २४५ च्या खाली जात नाही, आणि मधल्या छटा मात्र भडक नारिंगी होत जातात. चकाकीच्या गाभ्यासाठी ही पद्धत म्हणूनच अपुरी पडते.

त्यासाठी Curves चा तिसरा लेअर घेतला. यात मधल्या बिंदूला हात न लावता रेषेचं उजवं वरचं टोकच खाली आणलं, Output २५५ वरून २०५ वर. आता सगळ्यांत उजळ पिक्सेललाही खाली यावंच लागतं. हा लेअर गडद पिक्सेलना लागू नये म्हणून लेअरवर दोनदा क्लिक करून Blend If मध्ये Underlying Layer चा काळा त्रिकोण १७० वर आणला आणि Alt दाबून त्याचे दोन भाग केले. दुसरा भाग २१५ वर. म्हणजे १७० च्या खालच्या पिक्सेलवर परिणाम शून्य, २१५ च्या वर पूर्ण आणि मध्ये हळूहळू वाढता. रोमछिद्रांचे गडद ठिपके जसेच्या तसे राहतात, फक्त त्यांच्यामधला पांढरा उजेड उतरतो.

मास्कही काळा करून त्याच ब्रशने मध्य सुमारे ६० टक्के उघडला. आकडे आले २२१, २१५, २१०. उजेड उतरला होता, पण डाग आता राखेसारखा दिसत होता. जणू कपाळावर अंगारा लावून पुसला आहे. मुलाला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं.

चुकलं काहीच नव्हतं. वहीतला आकडा आधीच हे सांगत होता. मध्यावर त्वचेचा रंग नव्हताच. पांढरा उतरवला की करडाच हाती येतो. रंग वेगळा द्यावा लागतो.

रंग परत देणं

सगळ्या Curves च्या वर एक रिकामा लेअर घेतला आणि त्याचा मोड Color केला. या मोडमध्ये खालच्या थराचा उजेड तसाच राहतो आणि वरचा फक्त रंग चढतो. ब्रश हातात असताना Alt दाबून कपाळाच्या कडेच्या कोरड्या त्वचेवर क्लिक केलं, रंग उचलला आणि ५ टक्के Flow ने मध्यावर चढवला. लेअरची Opacity ४५ टक्के ठेवली. आकडे झाले २३५, २१०, १९५. लाल आणि निळ्यातलं अंतर ४० झालं, म्हणजे खऱ्या त्वचेच्या निम्म्याहून थोडं जास्त. तिथेच थांबायचं. उजळ भागात रंग नेहमी थोडा फिका असतो. कडेच्या त्वचेइतका पूर्ण रंग चढवला तर तिथे गाजरासारखी झाक येते.

रंग कुठून उचलायचा, हेही महत्त्वाचं. गालाची त्वचा कपाळापेक्षा लालसर असते. कपाळासाठी कपाळाचाच, गालासाठी गालाचाच आणि शक्यतो त्याच उजेडातला रंग घ्यायचा. कुंकवाजवळचा घेतला तर लाली येते, केसांच्या मुळाशी घेतला तर काळपटपणा.

मसुराएवढा तो पूर्ण जळालेला ठिपका मात्र अजून सपाट होता. तिथे त्वचेची काही नोंदच नव्हती. बर्न असलेलं खाली आणतं, नसलेलं निर्माण करत नाही. तेवढ्या जागेसाठी फोटोच्या लगेच वर एक रिकामा लेअर घेऊन Clone Stamp वापरला, Mode Darken, Opacity ३५ टक्के, Sample मध्ये Current & Below. शेजारच्या कपाळावरची रोमछिद्रं हलकेच तिथे उतरवली. Darken मुळे खालच्यापेक्षा गडद असलेले पिक्सेलच येतात. ही युक्ती मसुराएवढ्या जागेपुरतीच. पूर्ण जळालेला भाग नाण्याएवढा असता, तर तिथे नवी त्वचा रंगवावी लागली असती, आणि ती त्या बाईंची राहिली नसती.

गालांची गोष्ट वेगळी

कपाळ संपवून मुलगा त्याच जोरात गालांवर निघाला, तेव्हा मी त्याचा हात धरला. गालाच्या हाडावर जो उजेड असतो तो त्या गालाला गोलाई देतो. कॅमेऱ्याच्या सपाट चित्रात चेहऱ्याचा उठाव समजतो तो अशा चढउतारांवरूनच. तो पूर्ण काढला तर चेहरा भाकरीसारखा सपाट होतो.

गालावर दोन तऱ्हेची चकाकी होती. एक हाडाच्या वरच्या काठाने कानाकडे जाणारा सलग, मऊ पट्टा. दुसरी नाकाजवळ, हसण्याच्या रेषेला लागून, तुटक ठिपक्यांची. पहिल्याला आम्ही जवळजवळ हात लावला नाही, फक्त मध्यभागी चार-दोन फटके मारले. दुसरीवर बर्नने ठिपके खाली आणले, डॉजने त्यांच्यामधली काळी जागा किंचित उचलली आणि तुटक ठिपक्यांची एक सलग छटा केली. कुठली चकाकी ठेवायची याची खूण सोपी आहे. डोळे किंचित मिटून पाहावं. जी चकाकी चेहऱ्याच्या आकाराबरोबर वळते ती ठेवावी, जी आकाराशी संबंध नसल्यासारखी मध्येच उमटते ती उतरवावी.

चूक कशी ओळखावी

तासभर एकाच कपाळाकडे पाहिल्यावर डोळ्याला सगळंच बरोबर वाटायला लागतं. आम्ही उठून चहा घेतला. परत आल्यावर Image मेनूतल्या Image Rotation मधून Flip Canvas Horizontal करून फोटो उलटा केला. ओळखीचा चेहरा उजवा-डावा झाला की डोळा नव्याने पाहतो. डाव्या भुवईच्या वर एक मळकट पट्टा राहिला होता तो लगेच दिसला. तिथे बर्न शेजारच्या त्वचेच्याही खाली गेला होता. मास्कवर काळ्या ब्रशने तेवढा भाग परत झाकला. मास्कवर काम केलं असलं की चूक पुसणं इतकं सोपं असतं.

त्वचा ठिगळं लावल्यासारखी दिसली तर ब्रश फार लहान होता असं समजावं. चकाकीभोवती काळं वर्तुळ असेल तर कडेला बर्न जास्त झालाय. राखेची झाक असेल तर रंग कमी पडला, नारिंगी झाक असेल तर जास्त झाला. आणि कुठेच काही चुकलेलं नाही, तरी चेहरा निर्जीव वाटतोय, तर चकाकी प्रमाणाबाहेर काढली गेली आहे. त्याला उपाय एकच. सगळे लेअर एका ग्रुपमध्ये घालून त्याची Opacity ७५ ते ८० टक्क्यांवर आणायची. आम्ही ८० वर ठेवली.

हे कुठे चालत नाही

हा एक चेहरा करायला आम्हाला शिकत-शिकवत दोन तास लागले. सरावलेल्या हाताला पंधरा-वीस मिनिटं लागतात. चाळीस जणांच्या ग्रुप फोटोत प्रत्येक कपाळावर हे करत बसण्यात अर्थ नाही. जो फोटो मोठा छापायचा आहे, ज्यात चेहराच विषय आहे, त्याच्यासाठी ही मेहनत आहे.

व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोवर हे फार ताणता येत नाही. तिथे फाइल लहान करताना बारीक छटा फेकून दिलेल्या असतात. उजळ भाग खाली ओढला की चौकोनी ठोकळे आणि पायऱ्या दिसायला लागतात. शक्य असेल तर मूळ फाइलच मागवावी. फोटोशॉप नसेल तर मोफत मिळणाऱ्या GIMP मध्येही हे जमतं. लेअरची प्रत काढायची, Curves ने ती गडद करायची, काळा मास्क लावायचा आणि पांढऱ्या ब्रशने उघडत जायचं. मोबाइलवर Snapseed मध्ये Brush च्या आत Dodge & Burn आहे. उणे ५ वर ठेवून, फोटो मोठा करून, थोडं थोडं चोळलं तर लहान चकाकी उतरते. जळालेल्या मध्याला मात्र तिथे फारसा इलाज नाही.

आणि खरं सांगायचं तर यातलं बरंचसं काम फोटो काढण्याआधी अर्ध्या मिनिटात होतं. मऊ टिश्यू किंवा टिपकागद कपाळावर नुसता दाबायचा, घासायचा नाही. घासलं तर तेल पसरतं, कुंकू विस्कटतं. फ्लॅश चेहऱ्यावर न मारता पांढऱ्या छताकडे वळवला तर उजेड मोठ्या जागेवरून खाली येतो आणि चकाकी मोठी, मऊ, फिकट होते. त्या दिवशी कार्यालयाचं छत उंच होतं आणि कन्यादानाच्या क्षणी टिपकागद शोधायला कुणाला सवड होती? अशा फोटोंसाठीच हे सगळं शिकून ठेवावं लागतं.

बारा बाय अठराचा फोटो छापून आला तेव्हा मी तो मुलाच्या हातात दिला आणि कपाळ कुठे दुरुस्त केलंय ते बोटाने दाखव म्हणालो. त्याने फोटो खिडकीपाशी नेला, तिरका धरला, जवळ आणला. सुरकुत्या होत्या, रोमछिद्रं होती, कुंकवाची कडा स्वच्छ होती. मधोमध एक फिकट, उबदार उजेड होता, मे महिन्यातल्या दुपारी लेकीचं लग्न लावणाऱ्या कुठल्याही आईच्या कपाळावर असतो तसा. कुठून सुरू केलं होतं ते त्याला सापडलं नाही.

बाई फोटो न्यायला आल्या तेव्हा त्यांनी कपाळाकडे पाहिलंच नाही. "रडू आवरत होते बघा मी तेव्हा," एवढंच म्हणाल्या आणि बराच वेळ डोळ्यांकडे पाहत राहिल्या.